लेहच्या थंडीचं कूलंट नाशिकच्या उन्हाळ्यात कशाला?

प्रश्न : मुलाची बदली लेहला झाली आहे आणि गाडी इथूनच घेऊन जायचा त्याचा बेत आहे. आमचा मेकॅनिक म्हणतो, 'रेडिएटरमध्ये निम्मं कूलंट, निम्मं पाणी ठेवा. तिकडे गोठणार नाही आणि इकडे कसारा घाटात उकळणार नाही.' डब्यावर तर अँटिफ्रीझ असं छापलंय. गोठू न देणारी वस्तू उकळूही देत नाही, हे मला पटत नाही. पाणी गरम ठेवत असेल तर उन्हाळ्यात ते लवकर उकळायला हवं, थंड ठेवत असेल तर हिवाळ्यात लवकर गोठायला हवं. आणि ती इतकी गुणी असेल तर निम्मंच का? सगळं कूलंटच का भरू नये?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या शंकेत एक गृहीत दडलेलं आहे आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कूलंट पाण्याला गरमही ठेवत नाही आणि थंडही ठेवत नाही. लेहच्या रात्री उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीतलं कूलंट पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेइतकंच गार झालेलं असतं. हवा उणे १५ असेल तर तेही उणे १५. फरक इतकाच की त्या तापमानाला साधं पाणी कधीच बर्फ झालेलं असतं आणि हे मिश्रण अजून द्रव असतं. म्हणजे तापमान बदलत नाही, ज्या तापमानाला गोठायचं किंवा उकळायचं ती रेघ सरकते. गोठण्याची रेघ खाली जाते, उकळण्याची वर जाते. दोन्ही रेघा एकाच कारणाने सरकतात, म्हणून आधी ते कारण पाहू.

डब्यातला मुख्य पदार्थ बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतो. हा पाण्याहून थोडा जड, बराच दाट, रंगहीन द्रव आहे. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनीने घातलेले असतात, त्यांचा या हिशेबाशी संबंध नाही. ग्लायकॉल पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतो, म्हणून आपल्या दृष्टीने पाणी हा द्रावक आणि ग्लायकॉल हा द्राव्य.

आता शून्य अंशाला पाण्यात तरंगणारा बर्फाचा एक खडा डोळ्यांसमोर आणा. तो निश्चल दिसतो, पण त्याच्या पृष्ठभागावर सतत येजा चालू असते. बर्फातले काही रेणू सुटून पाण्यात येतात, पाण्यातले काही रेणू बर्फाला जाऊन चिकटतात. एसटी स्टँडवर उभ्या गाडीत माणसं चढत-उतरत असावीत, तसंच. शून्य अंशाला जितके चढतात तितकेच उतरतात, त्यामुळे खडा वाढतही नाही आणि घटतही नाही. आता फलाटावर पोचवायला आलेल्यांची गर्दी झाली असं समजा. त्यांना गाडीत चढायचं नाही, पण दाराशी जागा अडवून ते उभे आहेत. चढणाऱ्यांचा वेग लगेच कमी होतो, उतरणाऱ्यांचा मात्र होता तेवढाच राहतो.

ग्लायकॉलचे रेणू म्हणजे ही पोचवायला आलेली मंडळी. बर्फाच्या जाळीत त्यांना जागा नसते, कारण अशा मिश्रणातून तयार होणारा बर्फ जवळजवळ शुद्ध पाण्याचाच असतो. त्यामुळे शून्य अंशाला बर्फातून सुटणारे रेणू जास्त, चिकटणारे कमी, आणि बर्फ वितळू लागतो. तोल पुन्हा साधायचा तर सुटणाऱ्यांचा वेग कमी केला पाहिजे, आणि तो कमी होतो तापमान उतरल्यावर. मिश्रणाचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो तो या कारणाने.

उकळण्याच्या टोकाला हाच प्रकार घडतो, फक्त बर्फाच्या जागी वाफ येते. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की पाणी उकळतं. पाण्याच्या पृष्ठभागावर ग्लायकॉलने काही जागा अडवल्या की वाफ होऊन उडणारे पाण्याचे रेणू कमी होतात. ग्लायकॉल स्वतः १९७ अंशांना उकळतो, त्यामुळे १०० अंशांच्या आसपास त्याची वाफ नगण्य असते आणि तो ही तूट भरून काढत नाही. वाफेचा दाब कमी पडतो, तो पुरा करायला मिश्रण आणखी तापवावं लागतं आणि उत्कलनबिंदू वर जातो.

तेव्हा थंडीत एक काम आणि उन्हात दुसरं, असं काही नाही. ग्लायकॉलच्या सोबतीत पाण्याची द्रव अवस्था सोडून जाण्याची ओढ कमी होते, मग ते बर्फाकडे जायचं असो की वाफेकडे. एकाच कारणाचे हे दोन परिणाम आहेत.

या परिणामाची एक गंमत अशी की त्याला पदार्थ कोणता याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, कण किती याच्याशी असतं. म्हणून हिशेब ग्रॅममध्ये न करता मोलमध्ये करतात. मोल हे रेणू मोजायचं माप. एक मोल ग्लायकॉल म्हणजे किती ग्रॅम, हे त्याच्या C2H6O2 या सूत्रावरून निघतं. कार्बनचे दोन अणू २४, हायड्रोजनचे सहा अणू ६, ऑक्सिजनचे दोन अणू ३२, एकूण ६२ ग्रॅम. एक किलो द्रावकात किती मोल द्राव्य आहे, त्या आकड्याला मोलॅलिटी म्हणतात.

इथे शाळाकॉलेजात रसायन शिकलेल्या वाचकांना मोलॅरिटी आठवेल. ती एक लिटर द्रावणामागे मोजतात आणि प्रयोगशाळेत सोयीची असते. पण आपलं मिश्रण उणे २० पासून अधिक ११० अंशांपर्यंत प्रवास करतं. तापलं की ते फुगतं, त्याचे लिटर बदलतात आणि कुणी काहीही न घालता मोलॅरिटी बदलते. त्यात पाणी आणि ग्लायकॉल एकत्र केले की बेरजेपेक्षा किंचित कमीच भरतात, म्हणजे तीन लिटर अधिक तीन लिटर बरोबर पुरते सहा लिटर होत नाहीत. वजन मात्र तापमानाने बदलत नाही. म्हणून या कामाला वजनावर आधारलेली मोलॅलिटीच योग्य.

सूत्र अगदी सरळ आहे :

ΔT = K × m

m म्हणजे मोलॅलिटी, ΔT म्हणजे रेघ किती अंश सरकली, आणि K हा द्रावकाचा स्थिरांक. पाण्यासाठी गोठण्याच्या बाजूला K = १.८६ आणि उकळण्याच्या बाजूला K = ०.५१२ असतो. एक किलो पाण्यात एक मोल काहीही विरघळवा (त्याचे रेणू विरघळताना फुटत नसतील तर), गोठणबिंदू सुमारे १.८६ अंश उतरतो आणि उत्कलनबिंदू सुमारे अर्धा अंश चढतो.

आता तुमची गाडी घेऊ. शीतकरणात एकूण सहा लिटर द्रव मावतो असं धरा आणि मेकॅनिकच्या सांगण्याप्रमाणे तीन लिटर ग्लायकॉल, तीन लिटर पाणी भरा. ग्लायकॉलची घनता मिलिलिटरला १.११ ग्रॅम, म्हणून तीन लिटरचं वजन ३३३० ग्रॅम. त्याला ६२ ने भागलं की ५३.७ मोल येतात. पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. मोलॅलिटी झाली ५३.७ ÷ ३ = १७.९.

गोठण्याच्या बाजूला १.८६ × १७.९ = ३३.३. साधं पाणी शून्याला गोठतं, हे मिश्रण उणे ३३ च्या आसपास गोठू लागेल. उकळण्याच्या बाजूला ०.५१२ × १७.९ = ९.२, म्हणजे उत्कलनबिंदू १०९ अंश. मेकॅनिकचे दोन्ही दावे एकाच मोलॅलिटीतून बाहेर पडले.

मात्र या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. हे सूत्र पातळ द्रावणांसाठी आहे, जिथे पाण्याच्या समुद्रात द्राव्याचे थोडेच रेणू असतात. मोलॅलिटी १८ म्हणजे पाण्याच्या दर तीन रेणूंमागे ग्लायकॉलचा एक रेणू, आणि हे काही पातळ म्हणता येणार नाही. इतक्या दाटीत पाणी आणि ग्लायकॉल एकमेकांनाही धरून ठेवतात, हे सूत्राला ठाऊक नाही. प्रत्यक्ष मोजलं तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास निघतो आणि मोकळ्या हवेतला उत्कलनबिंदू १०७ ते १०८. सूत्राने एका बाजूला चारेक अंश कमी सांगितले आणि दुसऱ्या बाजूला एखाददोन अंश जास्त. अंदाजाला ते पुरेसं आहे, पण डब्यावर कंपनी जो तक्ता छापते तो मोजून केलेला असतो. दोहोंत फरक आढळला तर तक्ता खरा माना.

गोठण्याच्या बाजूला तीस-पस्तीस अंशांची मजल आणि उकळण्याच्या बाजूला आठ-नऊच, हा पक्षपात का? याचं उत्तर सुप्त उष्णतेत आहे. एक किलो बर्फ वितळवायला सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात, एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७, म्हणजे जवळजवळ सातपट. जिथे अवस्था बदलायला प्रचंड ऊर्जा लागते, तिथे तापमान थोडं बदललं तरी येजेचा तोल खूप ढळतो. म्हणून द्राव्याने बिघडवलेला तोल थोड्याच अंशांत भरून निघतो. बर्फाच्या बाबतीत ऊर्जा कमी लागते, त्यामुळे तोच तोल साधायला बरंच खाली उतरावं लागतं. १.८६ आणि ०.५१२ यांतला साडेतीनपटीहून थोडा अधिक फरक या सुप्त उष्णतांतून आणि दोन्ही तापमानांतून हिशेबाने नेमका निघतो.

आता तुम्ही म्हणाल, कणच मोजायचे तर ग्लायकॉलच कशाला, घरातली साखर घालू. घालून बघा, पण आधी हिशेब करा. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा. ५३.७ मोलसाठी अठरा किलोहून जास्त साखर तीन लिटर पाण्यात विरघळवावी लागेल. त्याचा पाक होईल, कूलंट नाही. मीठ तसं किफायतशीर, कारण विरघळल्यावर त्याचे दोन कण होतात आणि निम्म्याच मोलमध्ये भागतं. तरीही दीड किलोहून जास्त मीठ लागेल, आणि तीन लिटर पाण्यात एक किलोच्या आसपासच मीठ विरघळतं. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू उणे २१ च्या खाली जात नाही, आणि इंजिनातल्या लोखंडाचं नि ॲल्युमिनियमचं ते काय करील हे वेगळं सांगायला नको. एके काळी या कामासाठी मेथॅनॉल वापरलं जायचं. त्याचा रेणू लहान, त्यामुळे थोडक्यात काम होतं, पण ते ६५ अंशांनाच उकळतं आणि इंजिन तापलं की उडून जातं. ग्लायकॉल उडत नाही, पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतो आणि योग्य रसायनांच्या जोडीने धातूला सांभाळून राहतो. त्याची निवड झाली ती या कारणांनी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सगळंच का भरू नये. पाणी कमी-कमी करत नेलं तर आपल्या सूत्रात भाजकाच्या जागी शून्य येऊ लागतं आणि गोठणबिंदू पाताळात जायला हवा असं ते सांगू लागतं. सूत्राची हद्द संपली याची ही खूण. प्रत्यक्षात निखळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतो. म्हणजे शंभर टक्के कूलंट भरलेली गाडी लेहच्या जानेवारीत, जिथे रात्री पारा उणे १५ च्या आसपास उतरतो, निम्म्या-निम्म्यापेक्षा धोक्यात असते. साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत ग्लायकॉल वाढवत नेलं की गोठणबिंदू उतरत जातो, उणे पन्नास अंशांच्याही खाली पोचतो. त्यानंतर मात्र भूमिका उलटतात. ग्लायकॉल द्रावक होतो, पाणी द्राव्य होतं आणि पाणी काढाल तसा गोठणबिंदू पुन्हा वर चढू लागतो.

दुसरी अडचण उष्णतेची. रेडिएटरचं मूळ काम इंजिनातली उष्णता वाहून बाहेर टाकणं, आणि त्या कामात पाण्याचा हात धरणारा द्रव सहजी सापडत नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापताना सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता पोटात घेतं, ग्लायकॉल जेमतेम २.४. शिवाय तो दाट असल्याने पंपाला ढकलायला जड जातो. म्हणजे सगळं कूलंट भरलेलं इंजिन उन्हाळ्यात जास्त तापेल. ग्लायकॉल जितका लागतो तितकाच, आणि उरलेलं पाणी, हेच शहाणपणाचं.

उकळण्याच्या बाबतीत एका गोष्टीचं श्रेय मात्र चुकीच्या खात्यावर जमा होतं. घाटात गाडी उकळत नाही यात ग्लायकॉलच्या आठ अंशांपेक्षा रेडिएटरच्या झाकणाचा वाटा मोठा आहे. ते नुसतं बूच नाही, आत स्प्रिंग असलेला झडपेचा भाग असतो आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक वातावरण जास्त दाब आत धरून ठेवतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा बहुधा कोरलेला असतो, तो हाच. दाब वाढला की उकळायला वाफेलाही तेवढाच दाब गाठावा लागतो. त्यामुळे साधं पाणीसुद्धा बंद झाकणाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि ग्लायकॉल त्यावर आणखी काही अंश चढवतो. झाकणाचं रबर फाटलं किंवा स्प्रिंग सैल झाली तर उत्तम कूलंट भरूनही गाडी घाटात वाफ सोडेल. कूलंट बदलून बदलून थकलेल्या गाडीमालकांनी आधी झाकण बदलून पाहावं. खर्च तुलनेने थोडा असतो.

लेहच्या बाजूला हा हिशेब आणखी रंगतो. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंच, तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या सुमारे दोनतृतीयांश. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि एक वातावरणाच्या झाकणाखालीही ११४ च्या आसपास. म्हणजे लडाखच्या खिंडी चढणारी गाडी एकाच प्रवासात दोन्ही रेघांच्या जवळ जाते, रात्री गोठण्याच्या आणि दुपारी चढावर उकळण्याच्या. तुमच्या मुलाला दोन्ही बाजूंचं संरक्षण खरोखर लागणार आहे.

मग नाशिकमध्ये बसलेल्या तुम्हाला कूलंटची गरज काय? निफाडला थंडीत पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या येतात, पण तेवढ्याने रेडिएटर गोठत नाही. तरीही कूलंट लागतं, त्याची कारणं दोन. इंजिनाच्या डोक्याशी, सिलिंडरभोवती, काही जागा सरासरीपेक्षा खूप जास्त तापतात. काट्यावर ९५ अंश दिसत असतानाही तिथे वाफेचे बुडबुडे धरू शकतात आणि वाफेचा थर बसला की त्या जागेची उष्णता बाहेर पडत नाही. अशाच प्रकारातून पुढे हेड वाकणं किंवा हेड गॅस्केट जाणं ओढवतं. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात ती नसतात. उलट बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये पांढरा थर धरतात. म्हणून मिसळायचं पाणीही डिस्टिल्ड असावं. ही रसायनं काळाने संपतात, ग्लायकॉल संपत नाही. त्यामुळे गोठणबिंदू ठीक असूनही पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीला कूलंट बदलावं लागतं.

गोठण्याबद्दलही एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं उणे ३७ गाठलं की मिश्रण एका झटक्यात दगड होईल. तसं होत नाही. गोठणबिंदूला पहिले स्फटिक दिसतात आणि ते शुद्ध पाण्याचे असतात. पाणी बाजूला गेल्याने उरलेल्या द्रवात ग्लायकॉलचं प्रमाण वाढतं, मोलॅलिटी वाढते आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. परिणामी आधी दाणेदार चिखल होतो. त्यात पंप अडकू शकतो, रेडिएटरमधून वाहणं थांबू शकतं, पण इंजिन सहसा फुटत नाही. साध्या पाण्याची गोष्ट वेगळी. ते सगळंच बर्फ होतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि त्या जोराने इंजिनाच्या ओतीव धातूला तडा जाऊ शकतो.

वारा लागला की जास्त गोठेल का, असंही कुणी विचारतं. वाऱ्याने द्रव लवकर गार होतो, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही. हवा उणे १५ असेल तर ताशी ऐंशीच्या वेगातही रेडिएटर उणे १५ च्या खाली जाणार नाही. बोचरी थंडी आपल्या अंगाला लागते, गाडीला नाही.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो भर घालताना. कूलंट कमी झालं की बाटलीतलं पाणी ओतायची आपली जुनी सवय. नुकसान किती, ते पाहू. सहा लिटर निम्म्या-निम्म्या मिश्रणातून दीड लिटर गळून गेलं. गळताना पाणी आणि ग्लायकॉल दोन्ही सारखेच जातात, म्हणजे ग्लायकॉल उरला सव्वादोन लिटर. त्या जागी दीड लिटर पाणी भरलं, पाणी झालं पावणेचार लिटर. ग्लायकॉलचं वजन २४९८ ग्रॅम, मोल ४०.३, मोलॅलिटी १०.७, आणि गोठणबिंदू उणे २०. आधी सूत्राने उणे ३३ होता. एकाच वेळच्या भरण्यात तेरा अंशांचं संरक्षण गेलं, आणि द्रवाचा रंग थोडा फिका झाल्याशिवाय बाहेरून काही दिसलं नाही. असं दोनतीनदा झालं तर लेहच्या रात्री पंचाईत. मात्र गळती नसून नुसती वाफ उडाली असेल, तर ग्लायकॉल आतच राहिलेला असतो आणि पाण्याचीच भर योग्य ठरते. म्हणून भर घालण्याआधी पाईपांचे सांधे, रेडिएटरचा तळ आणि पंपाखालची जमीन पाहावी. तिथे चिकट, रंगीत डाग दिसला तर ती गळती.

दुसरा घोटाळा डब्याचा. बाजारात निखळ कूलंटही मिळतं आणि पाणी आधीच मिसळून तयार केलेलंही. तयार निम्म्या-निम्म्या मालात कुणी पुन्हा तेवढंच पाणी ओतलं तर ग्लायकॉल उरतो पाव हिस्सा. वरच्याच पद्धतीने मोलॅलिटी काढली तर सहाच्या जवळपास येते आणि गोठणबिंदू फक्त उणे ११. लेहसाठी ते कुचकामी. डब्यावर पाणी मिसळायचं की नाही ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचायला सांगा.

गाडी निघायच्या आधी मुलाला एखाद्या चांगल्या गॅरेजात मिश्रण तपासून घ्यायला लावा. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातभर लांबीचंही नसलेलं दुर्बिणीसारखं उपकरण असतं. त्याच्या काचेवर गार झालेल्या कूलंटचे दोन थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आतल्या पट्टीवर गोठणबिंदूच दिसतो. एथिलीन ग्लायकॉलची पट्टी वाचायची, काही उपकरणांत प्रोपिलीन ग्लायकॉलची वेगळी पट्टी शेजारीच असते. आकडा उणे ३० किंवा त्याखाली असेल तर लेहसाठी निश्चिंत राहा. वर असेल तर पाणी न ओतता थोडं मिश्रण काढून निखळ कूलंट घालायला सांगा.

आणि एक ताकीद. इंजिन तापलेलं असताना झाकण उघडायचं नाही, मेकॅनिक घाई करत असला तरी नाही. आत ११२ अंशांचा द्रव केवळ दाबामुळे शांत असतो. झाकण फिरवलं की दाब गेला, उत्कलनबिंदू क्षणात १०८ वर आला आणि तोच द्रव उकळत तोंडावर येतो. अर्धा तास थांबावं, रेडिएटरला हात लावून पाहावा, मगच उघडावं. उरलेला डबा घरात ठेवताना आणखी एक लक्षात ठेवा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असतो. तेव्हा तो पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका, सांडला तर लगेच धुऊन काढा, आणि लहान मुलांच्या नि कुत्र्यामांजरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.